चार नँडचा लॅच : १ हरवतो, ० कधीच हरवत नाही. असं का?

अर्धवट_इंजिनिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी डी लॅच हवा होता आणि सरांची अट अशी, की तयार लॅचची आयसी लावायची नाही, गेट जोडूनच करायचा. मी हे सूत्र मांडलं:

```
Q = G·D + G'·Q
```

G वर असताना D आत येतो, G खाली गेला की Q स्वतःलाच धरून बसतो. एका 74HC00 मध्ये बरोब्बर चार नँड असतात. एक G·D साठी, एक G उलटा करायला, एक G'·Q साठी आणि चौथा त्या दोघांना जोडायला. एकही गेट वाया नाही, त्यामुळे स्वतःवर भलताच खूश होतो.

पण D = 1 ठेवून G खाली केला की अधूनमधून Q शून्यावर जाऊन बसायचा. वाटलं वायर सैल असेल. मग परवा रात्री त्या आयसीतलं इन्व्हर्टरचं गेट माझ्याच हातून उडालं. ड्रॉवरमध्ये एक CD4069 पडली होती, तिचा इन्व्हर्टर लावला. आता १ अधूनमधून नाही, दर वेळी हरवतो. ० मात्र एकदाही बिघडलेला नाही. ट्रुथ टेबल तीनदा तपासलं, बरोबर आहे. सिम्युलेटरवरही बरोबर चालतं. कुठे चुकतोय?

---

बटाटेवडा

G बटणावर आहे ना? मग बाउन्स. दाबताना-सोडताना बटण दहा वेळा तडतडतं. डिबाउन्स कर, सुटशील. पुढचा धागा.

---

अर्धवट_इंजिनिअर

बटणावरच आहे. पण D तर पूर्ण वेळ ५ व्होल्टला बांधलाय. बटण कितीही तडतडलं तरी आत १ च जाणार ना? शून्य येईल कुठून?

---

बटाटेवडा

हं. तेही खरं. वडा खाऊन विचार करतो.

---

निवृत्त_सोल्डर

बाउन्सचा संशय इथे लागू होत नाही. बाउन्सने शून्य तयार होत नाही, आणि G दहादा खालीवर झाला तरी दर वेळी वर जाताना १ परत आत येतो, मोजायचं ते फक्त शेवटचं पडणं. मूळ बिघाड तुझ्या सूत्रात आहे. सूत्र खोटं नाही, अपुरं आहे.

ट्रुथ टेबल बाजूला ठेव आणि घड्याळ लावून बघ. 74HC00 च्या एका गेटला ५ व्होल्टवर साधारण ८ नॅनोसेकंद लागतात असं धर. CD4069 ला त्याच व्होल्टेजवर ५० च्या आसपास. आता D = 1, Q = 1 आहे आणि G खाली पडला.

८ नॅनोसेकंदांनी G·D वाल्या नँडने हात सोडला, त्याचं आउटपुट १ झालं. या वेळी Q ला सावरायचं काम G'·Q वाल्याचं. पण त्याला G खाली गेल्याची खबरच नाही, कारण ती 4069 मधून येतेय आणि अजून वाटेतच आहे. म्हणजे त्याचंही आउटपुट १. शेवटच्या नँडला दोन्हीकडून १ दिसले, १६ व्या नॅनोसेकंदाला Q = 0. पन्नाशीला G' वर येतो आणि दुसरा नँड विचारतो, "Q किती आहे?" उत्तर येतं शून्य. मग तो इमानदारीत शून्यच धरून ठेवतो.

साध्या सर्किटमध्ये हा नुसता क्षणाचा खड्डा असतो, भरून येतो. त्यालाच स्टॅटिक-१ हॅझर्ड म्हणतात. तुझ्या सर्किटमध्ये आउटपुट परत आत फिरवलंय, त्यामुळे खड्ड्याची आठवण राहते.

चारही गेट एकाच आयसीत होते तेव्हा इन्व्हर्टरही ८ चाच होता. खड्डा जेमतेम एका गेटच्या वेळेएवढा. असा बारका पल्स त्या फेऱ्यात फिरता फिरता कधी १ होऊन विरतो, कधी ० होऊन. म्हणून तेव्हा "अधूनमधून" होतं. जळालेल्या गेटचे आभार मान, रोग लपला असता.

---

अर्धवट_इंजिनिअर

काका, हे कागदावर काढून पाहिलं, तंतोतंत जुळलं! मग ० का हरवत नाही? आणि सिम्युलेटरने का दाखवलं नाही?

---

निवृत्त_सोल्डर

Q = 0 असताना बिघाड व्हायला काय लागेल? दोन टर्मपैकी एखादी क्षणभर खोटीच १ व्हायला हवी. D = 0 आणि Q = 0 असेल तर G·D मध्ये D शून्य, G'·Q मध्ये Q शून्य. G ने कितीही उड्या मारल्या तरी दोन्ही टर्म शून्याला खिळलेल्या. बेरजेच्या रूपातल्या दोन-पातळी सर्किटमध्ये शून्य असं आपोआप सुरक्षित असतं. अपवाद एकच, कुणी एकाच टर्ममध्ये G आणि G' दोन्ही घातले तर. आणि असं शहाण्यासारखं कुणी करत नाही.

सिम्युलेटरला तू वेळ सांगितलीच नसशील. हे चालवून बघ:

```verilog
nand #8  n1(a, D, G);
not  #50 ni(gb, G);
nand #8  n2(b, Q, gb);
nand #8  n3(Q, a, b);
```

इथे १ पडताना दिसेल. पण ५० च्या जागी ८ लिहून आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस. दोन बदल एकाच क्षणी येतात, आणि आधी कुठला हिशोबात घ्यायचा हे सिम्युलेटरच्या मर्जीवर असतं.

---

खटपट्या

एवढं पुराण कशाला? G' उशिरा येतो हा त्रास आहे ना, मग G·D वाल्या गेटला जाणारा G पण उशिरा पाठवा. मध्ये 74HC04 चे दोन इन्व्हर्टर एकामागे एक टाका. आम्ही कारखान्यात असंच करायचो. अगदीच नाही जमलं तर Q वर छोटा कपॅसिटर.

---

निवृत्त_सोल्डर

कपॅसिटर नको. HC च्या इनपुटला रेंगाळणारी कड आवडत नाही, आणि Q इथे इनपुटही आहे.

इन्व्हर्टरच्या जोडीचा उपाय मात्र तपासण्यासारखा आहे. 4069 काढून HC चा इन्व्हर्टर परत लावला असं धरू. आता सरळ रस्ता लांबचा झाला. G खाली पडताना G' आधी पोचतो, दुसरा नँड Q ला धरतो, मग पहिला सोडतो. लॅच १ सोडणार नाही. इथपर्यंत खटपट्या बरोबर.

आता G वर जातानाचं बघा. G' आधी खाली येतो, दुसरा नँड हात सोडतो, पहिला अजून पोचलेला नाही. Q मध्ये खड्डा. D = 1 आणि G = 1 असल्यामुळे Q परत वर येतो, म्हणजे आठवण शाबूत. पण तो खड्डा Q च्या तारेवरून बाहेर जातो. पुढे एलईडी असेल तर कुणाला कळणार नाही, काउंटरचा क्लॉक असेल तर एक आकडा फुकट वाढेल. तुम्ही खड्डा बुजवला नाही, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला.

---

खटपट्या

आमच्याकडे पुढे रिले होता. त्याला आठ नॅनोसेकंदांचं काय सोयरसुतक! पण मान्य.

---

मास्तरीणबाई

मी हाच विषय शिकवते, म्हणून राहवेना. के-मॅप काढ रे. G, D, Q चे चार एक येतील: 110, 111, 011, 001. पहिल्या दोघांभोवती G·D चा घेर, शेवटच्या दोघांभोवती G'·Q चा. आता 111 आणि 011 कडे बघ. शेजारी आहेत, दोघेही एक आहेत, पण दोघांना मिळून सामावणारा घेर नाही. G बदलला की एका घेरातून उडी मारून दुसऱ्यात जावं लागतं, आणि उडी मारताना पाय जमिनीवर नसतात. त्या दोघांना धरणारा घेर म्हणजे D·Q.

```
Q = G·D + G'·Q + D·Q
```

परीक्षेत हीच टर्म "अनावश्यक" म्हणून खोडायला आम्ही शिकवतो, ही गंमत वेगळी.

मॅप न काढताही सापडतं. जे चल एका टर्ममध्ये साधं आणि दुसऱ्यात उलटं आहे ते घ्या, ते वगळून दोन्ही टर्मचं उरलेलं गुणा. इथे G वगळला की D आणि Q उरतात. तो गुणाकार आधीच्या एखाद्या टर्मच्या पोटात मावत नसेल, तर तिथे हॅझर्ड आहे. आलेली टर्म जोडायची, आणि नवीन काही येईनासं होईपर्यंत हे करत राहायचं. म्हणजे शेवटी सगळे प्राइम इम्प्लिकंट घ्यायचे, प्रश्न मिटला.

---

निवृत्त_सोल्डर

बाई, कृती बरोबर, पण "सगळे" घ्यायलाच हवेत असं नाही. हे घ्या:

```
F = A'·B + A·C + B'·D
```

A वगळून B·C येतो, B वगळून A'·D येतो. दोन्ही हवेत. पुढे तुमच्या नियमाने B·C आणि B'·D मधून C·D सुद्धा येतो. तो लावायचा की नाही? C = D = 1 ठेवून A आणि B चे चार कप्पे बघा. 00 आणि 01 ला A'·D धरतो, 01 आणि 11 ला B·C, 11 आणि 10 ला A·C, 10 आणि 00 ला B'·D. शेजारची प्रत्येक जोडी झाकलेली आहे. एका वेळी एकच इनपुट बदलणार असेल, तर C·D चं गेट नुसतं पैसे खाईल.

---

मास्तरीणबाई

आणि A व B एकदम बदलले तर? 00 वरून 11 वर जाताना A'·D आणि B·C दोघांच्या मध्ये पडाल की! C·D असेल तरच वाचाल.

---

निवृत्त_सोल्डर

हो, तिथे तुमची सरशी. आयबीएममधल्या एडवर्ड आयकेलबर्गर यांनी १९६५ मध्ये अशा एकदम बदलणाऱ्या इनपुटांचा विचार केला होता. बदलणाऱ्या इनपुटला ० नाही, १ नाही, तर "मधलंच काहीतरी" अशी तिसरी किंमत द्यायची आणि आउटपुटलाही मधलंच उत्तर येतं का बघायचं. A आणि B दोघांना मधलं दिलं, तर C·D शिवाय F मधलंच येतं. C·D असेल तर ठणठणीत १.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या इनपुटांपैकी कुठली एकदम हलू शकतात हे आधी ठरवा. मुलाला एक गेट जास्त म्हणजे एक आयसी जास्त.

---

मास्तरीणबाई

आणि मी म्हणते, कुठली एकदम हलतील हे पोराला कसं कळणार? सगळे घेतलेले बरे. यावर आपलं जमणार नाही.

---

घड्याळवाली

माझाही हाच त्रास आहे! एफपीजीएमध्ये दोन क्लॉकमधून एक निवडते, sel बदलला की ग्लिच येतो. मी तिसरी टर्म लिहिली, तरी काही फरक नाही:

```verilog
assign clk = (sel & clk1) | (~sel & clk2) | (clk1 & clk2);
```

---

निवृत्त_सोल्डर

तुमचा त्रास वरवर सारखा दिसतो, पण वेगळा आहे.

एक तर ती टर्म उरलेलीच नाही. सिंथेसिस टूलच्या दृष्टीने ती फलन बदलत नाही, म्हणून ते तिला उडवतं. keep लावून अडवता येतं, पण तीन इनपुटांचं हे अख्खं फलन एका एलयूटीत मावतं. तिथे अँड-ऑर गेट नसतातच, किमतींचा तक्ता असतो. टर्म राहिली काय, गेली काय, तक्ता तोच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. clk1 & clk2 ही टर्म दोन्ही क्लॉक १ असतानाच सांभाळते. sel बदलला तेव्हा clk1 वर आणि clk2 खाली असेल, तर आउटपुटने खाली यायलाच हवं, सूत्रच तसं सांगतं. पल्स मध्येच कापला जातो, तो हॅझर्ड नव्हे. जादा टर्म तिथे काही करू शकत नाही. क्लॉक निवडायला त्या चिपमध्ये BUFGMUX सारखा खास भाग असतो, तो एका क्लॉकची खालची वेळ बघूनच दुसऱ्यावर जातो. तो वापरा.

---

घड्याळवाली

अरे देवा. दोन दिवस त्या एका ओळीवर घालवले. धन्यवाद.

---

बटाटेवडा

वडा संपला. एक शंका. ती D·Q टर्म जोडल्यावर D शून्य केला तर लॅच अडकून नाही बसणार? Q स्वतःलाच धरतोय ना तिथे?

---

निवृत्त_सोल्डर

चांगली शंका. D शून्य झाला की D·Q लगेच सुटते, कारण D तिच्यातच आहे. G वर असेल तर G·D पण सुटते, G'·Q आधीच बंद, Q खाली येतो. G खाली असेल तर G'·Q ने धरलेलं असतं, Q तसाच राहतो. म्हणजे लॅचने वागायला हवं तसंच. मात्र D आणि G एकदमच पडले तर काय होईल याची हमी कुणी देत नाही, तयार आयसीही नाही. म्हणून तर डेटाशीटमध्ये सेटअप आणि होल्डच्या वेळा देतात.

या लॅचला नावही आहे, अर्ल लॅच. आयबीएममधल्याच जॉन अर्ल यांनी तो १९६५ मध्ये मांडला आणि सिस्टिम/३६० च्या मॉडेल ९१ मध्ये वापरला गेला. पोरा, तुझ्या प्रोजेक्टच्या अहवालात हे लिही, सर खूश होतील.

---

अर्धवट_इंजिनिअर

जोडलं! 74HC00 चे तीन नँड तिन्ही टर्मना, आणि शेवटी तीन इनपुटांचा नँड हवा म्हणून बुधवार पेठेतून 74HC10 आणली. इन्व्हर्टर मुद्दाम CD4069 चाच ठेवला. D = 1 ठेवून G शंभर वेळा खाली केला, एकदाही १ पडला नाही. D·Q ची वायर काढली की पहिल्याच वेळी पडतो. परत लावली की राहतो.

मग नवीन 74HC00 मधला नँड इन्व्हर्टर म्हणून लावला आणि सरांना दाखवलं. छान चाललं. घरी येऊन बघतो तर D·Q ची वायर भोकात नीट बसलेलीच नव्हती, बाहेर लोंबत होती. म्हणजे डेमो त्या टर्मशिवायच झाला, आणि कुणालाच कळलं नाही!

---

निवृत्त_सोल्डर

हीच या उपायाची दुखरी बाजू. जी टर्म फलन बदलत नाही, ती मेली तरी फलन बदलत नाही. ट्रुथ टेबल लावून तपासणारा कुठलाही टेस्ट तिला पकडू शकत नाही. मी टेस्ट विभागात होतो तेव्हा अशा गेटांचे दोष प्रोग्रामच्या यादीत "सापडू न शकणारे" म्हणून यायचे, आणि डिझाइनवाले व आम्ही त्यावरून भांडायचो. ते म्हणायचे हवं, आम्ही म्हणायचो तपासता येत नाही ते नको.

तुझ्याकडे मात्र सोय आहे. 4069 जपून ठेव. शंका आली की तोच हळू इन्व्हर्टर लावायचा, G खाली करायचा. १ टिकला तर D·Q जिवंत. आणि 74HC10 ची न वापरलेली इनपुटं लोंबती ठेवली असशील तर आधी जमिनीला बांध. 4069 ची पण.

---

अर्धवट_इंजिनिअर

बांधली (आत्ता). एक शेवटचं. कॉलेजच्या स्कोपवर, D·Q नीट बसलेली असतानाही, G खाली जाताना Q वर एक छोटी खाच दिसते. शून्यापर्यंत जात नाही, अर्ध्या व्होल्टची असेल. हा हॅझर्ड उरलाय का?

---

खटपट्या

ब्रेडबोर्ड! पट्ट्या शेजारी शेजारी, एकीचं दुसरीत जातं. आयसीच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड लावलाय का?

---

मास्तरीणबाई

प्रोबची जमिनीची वायर लांब असेल तरी अशी खाच दिसते, सर्किटमध्ये नसतानाही.

---

निवृत्त_सोल्डर

दोन्ही शक्य आहे, इथून सांगता येणार नाही. D पण शून्य कर, Q शून्यावर येऊ दे आणि G तसाच खाली कर. Q शून्यावर असतानाही तेवढीच खाच आली, तर हॅझर्डचा संबंध नाही, कारण शून्याला हॅझर्ड नाही हे वर पाहिलंच. ० वर येत नसेल आणि १ वरच येत असेल, तर बघावं लागेल.

---

अर्धवट_इंजिनिअर

०.१ लावलेला नव्हता. लॅब आता सोमवारी उघडेल, दोन्ही करून बघतो आणि इथेच टाकतो.

---

बटाटेवडा

सोमवारची वाट बघतोय. तोवर माझं म्हणणं : बाउन्स.